मायबोलीच्या कवितेची दोन वाचनं

१. सातवीतल्या मुलीचा प्रश्न

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. कोल्हापुरातल्या शाळांमधून त्या दिवशी मराठीवरची गाणी आणि कविता म्हटल्या जातात, आणि त्यांत माधव ज्यूलियनांची ‘मराठी असे आमुची मायबोली’ हमखास असते. अशाच एका कार्यक्रमाची तालीम चालू असताना सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “सर, यात आम्ही मराठीचे पुत्र आहोत असं म्हणायचंय. पण आमच्या वर्गात तर मुलीच जास्त आहेत. मग आम्ही काय म्हणायचं?”

तिच्या शेजारच्या मुलानं लगेच ऐकवलं, “कविताच आहे ती. एवढं काय त्यात?”

हे दोन्ही उद्गार मला पुढं मोठ्या माणसांकडूनही पुष्कळदा ऐकायला मिळाले. एक जण विचारतो की कवितेतला हा शब्द कुणाला आत घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो. दुसरा म्हणतो की आवडलेली कविता अशी सोलून कशाला काढायची. साहित्याचे अभ्यासक पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना स्त्रीवादी, उत्तरवसाहतवादी अशी नावं देतात. नावं जड असली तरी मूळ प्रश्न सातवीतल्या मुलीला पडतात तेच आहेत. या प्रकरणात स्त्रीवादी आणि उत्तरवसाहतवादी असे दोन्ही प्रश्न याच एका कवितेला विचारून बघू. ते कुठपर्यंत नेतात आणि कुठं थांबतात, हेही पाहू.

त्याआधी एक उपमा हाताशी ठेवा. गुजरीत सराफाकडं जुना दागिना मोडायला नेला, तर तो दोन कामं करतो. काळ्या कसोटीच्या दगडावर घासून सोन्याचा कस बघतो आणि काट्यावर ठेवून वजन करतो. कसोटीला वजन कळत नाही, काट्याला कस कळत नाही. आणि दागिना आजीनं कुणाच्या लग्नात केला होता, हे दोघांनाही कळत नाही. तरी कसोटीवर घासल्यानं दागिना बिघडला असं आपण म्हणत नाही. घासल्यावर जी रेघ उठते ती मात्र त्याच दागिन्याची असायला हवी, दगडावर आधीच असलेली नव्हे. पुढं हे लागणार आहे.

२. कवितेत काय घडतं

कविता बहुतेकांना पाठ आहे, म्हणून तिचा फक्त प्रवास सांगतो. मराठी ही आमची मायबोली आहे, आज तिच्या हाती राज्य नाही, ऐश्वर्य नाही, पण पुढची आशा आहे, अशी सुरुवात होते. लगेच दुसरी एक स्त्री येते: इंग्रजी. तिला कवी ‘श्रीमती’ म्हणतो. हा शब्द मोठ्या कौशल्यानं निवडलेला आहे, कारण त्यात बाईला द्यायचा मान आहे आणि श्रीमंतीही आहे. पाचही खंडांत तिला मान्यता आहे, आणि ती तिच्या सत्तेच्या बळावर आहे. इकडं आपली आई भिकारीण झाली आहे. म्हणून तिची कूस सोडून द्यायची का, असा कवीचा सवाल आहे.

पुढं वेगवेगळ्या धर्मांचे आम्ही लोक या आईच्या एकाच ताटात बसू, तिचे पुत्र म्हणून तिचे पांग फेडू, तिला वैभवाच्या शिखरावर बसवू, असा निर्धार येतो. मग आईच्या अंगावरच्या लक्तरांची लाज वाटते अशी कबुली आहे. तिच्या रूपापुढं अप्सरा फिकी पडेल असा अभिमान आहे. आणि चांगलं काम केल्याशिवाय मायबोलीचा अभिमान ही नुसती बढाई आहे, अशी स्वतःलाच दिलेली तंबी आहे. शेवटी पारतंत्र्यात खंगलेल्या या भाषेची बुडालेली रत्नं समुद्र घुसळून वर काढण्याची प्रतिज्ञा आहे, आणि जगातल्या भाषा हिला खंडणी देतील असं स्वप्न.

ही कविता लिहिणारे माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, फारसीचे प्राध्यापक होते. पुण्यातल्या रविकिरण मंडळाचे ते कवी. आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं, १९३९ साली मृत्यू येईपर्यंत, ते आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवत होते. फारसी-मराठी कोश, उमर खय्यामच्या रुबायांचे अनुवाद, मराठीत रुजवलेली गझल, ‘छंदोरचना’ हा वृत्तांवरचा मोठा ग्रंथ, आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ ही सगळी त्यांचीच कामं. १९३८ साली मुंबई विद्यापीठानं मराठीतल्या कामासाठी त्यांना डी. लिट. दिली, आणि मराठीसाठी ती पहिलीच होती. परक्या भाषेचं दूध प्यालेला आणि आपल्या भाषेसाठी तळमळणारा हा माणूस आहे. त्याच्या कवितेवर साधी सरळ नजर पुरत नाही.

३. पहिली नजर: आई काय करते?

स्त्रीवादी वाचन म्हणजे कवी स्त्रियांच्या बाजूचा आहे की विरोधातला, याचा निवाडा नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. या वाचनाचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे: कवितेतल्या स्त्रीकडं कोणती क्रियापदं आहेत आणि पुरुषाकडं कोणती?

करून पाहा. एक कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडं आईची क्रियापदं लिहा, उजवीकडं पुत्रांची. उजवी बाजू भरभर भरते. पुत्र पांग फेडतात, मान्यता मिळवून देतात, आईला वर बसवतात, समुद्र घुसळतात, रत्नं काढतात, तिला सजवतात. डावीकडं आई भिकारीण होते, खंगते, तिची संपत्ती बुडते, ती सजवली जाते, बसवली जाते. जे घडतं ते तिच्यावर घडतं. आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. ही कविता बोलीवर आहे, पण या कवितेत बोली बोलत नाही. आईच्या तोंडी एक शब्द नाही.

मग तिच्या शरीराकडं बघा. आधी लक्तरं, मग अप्सरेला लाजवणारं रूप, मग दागिने. आईचं वर्णन करताना अप्सरा का आठवावी? अप्सरा आपल्या कथांत मुख्यतः आई म्हणून ओळखली जात नाही. ती देखणी आहे, बघितली जाते. भाषेचा मोठेपणा सांगायचा तर तो बाईच्या देखणेपणातून सांगावा, ही सवय इथं आईपर्यंत येऊन पोचली आहे. दारिद्र्यसुद्धा कपड्यांतून दिसतं आणि वैभवसुद्धा दागिन्यांतून.

असं फक्त मराठीतच झालं नाही. तमिळ भाषेला देवी, आई आणि तरुणी या तिन्ही रूपांत कसं पुजलं गेलं, यावर सुमती रामस्वामी यांनी १९९७ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. पण भाषा म्हणजे आई, हे समीकरण वाटतं तितकं पुरातन नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीचा अभिमान सांगितला तेव्हा तिची पैज अमृताशी लावली. तिथं मराठी ही चव आहे, नाद आहे. ती संकटात सापडलेली आई नाही आणि तिला सोडवायला मुलगे लागत नाहीत. संकटातली आई आणि धावून जाणारे पुत्र ही जोडी पारतंत्र्याच्या काळात देशभर उभी राहिली.

४. ‘पुत्र’ बदलून पाहू

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येऊ. ‘पुत्र’ हा शब्द कवीनं निवडला की वृत्तानं त्याच्याकडून लिहवून घेतला? हे तपासता येतं.

ही कविता सुमंदारमाला या अक्षरगणवृत्तात आहे. नाव दचकवणारं असलं तरी रचना सोपी आहे. ऱ्हस्व अक्षराला लघू म्हणतात, दीर्घाला किंवा जोडाक्षराच्या आधी येऊन ज्यावर जोर पडतो त्याला गुरू. एक लघू आणि दोन गुरू असा तिघांचा गट म्हणजे य गण. ‘मराठी’ हा शब्दच घ्या: म लघू, रा गुरू, ठी गुरू. म्हणजे आपल्या भाषेचं नावच एक य गण आहे! असे सात य गण आणि शेवटी एक लघू, एक गुरू, अशी तेवीस अक्षरांची ओळ. पहिले चार गण म्हणजे भुजंगप्रयात, आपल्या मनाच्या श्लोकांची चाल. म्हणून ही कविता कुणी न शिकवताही लहान मुलांच्या तोंडात बसते.

‘पुत्र’ या शब्दात पु वर जोर येतो म्हणून तो गुरू, आणि त्र लघू. त्याच वजनाचा दुसरा शब्द आपल्या घरात रोज वापरतात: ‘लेक’. ले गुरू, क लघू. वृत्ताला काडीचाही धक्का न लागता तो त्या जागी बसतो. आणि आपल्याकडं ‘लेक’ मुलगाही असतो, मुलगीही. त्या सातवीतल्या मुलीनं वहीत ही खूण करून पाहिली तेव्हा तिला मोठा आनंद झाला. पण तिनंच पुढची अडचणही दाखवली. आधीचा संबंधदर्शक शब्द ‘चे’ नं संपतो, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. तिथं लेक बसवला तरी तो मुलगाच राहतो. मुलगे-मुली दोघांना घ्यायचं तर ‘लेकरं’ हवं, आणि ‘लेकरे’ बसवायचं तर एक अक्षर वाढतं, मग ओळ नव्यानं बांधावी लागते.

या छोट्या प्रयोगातून दोन गोष्टी हाती लागल्या. वृत्तानं ‘पुत्र’ची सक्ती केली नव्हती, इतकं नक्की. आणि ‘लेक’ऐवजी ‘पुत्र’ आला तेव्हा शब्दाबरोबर त्याचं सगळं कुळ आलं: ऋण फेडणं, वंश चालवणं, आईबापांना तारणं. पांग फेडण्याच्या कल्पनेशेजारी तो शब्द शोभतो, कारण आपल्या परंपरेत ते काम पुत्राकडं दिलेलं आहे. कवीच्या मनात मुलींना वगळायचं होतं, असं यातून सिद्ध होत नाही. त्या काळच्या भारदस्त मराठीत सगळ्यांसाठी बोलायचं म्हणजे पुत्र म्हणून बोलायचं, एवढं दिसतं. मला वाटतं, हे कळणं निवाड्यापेक्षा जास्त मोलाचं आहे.

५. ही कसोटी कुठं फसते

स्त्रीवादी वाचन करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. मी स्वतः वर्गात तिन्ही ठिकाणी घसरलो आहे.

पहिली जागा व्याकरणाची. मराठीत ‘भाषा’ स्त्रीलिंगी, ‘बोली’ स्त्रीलिंगी, ‘मराठी’ही स्त्रीलिंगी. ‘ही’, ‘हिला’, ‘हिच्या’ ही सर्वनामं कवीनं निवडलेली नाहीत, ती भाषेनं दिलेली आहेत. त्यांच्यावरून पुरुषी नजरेचा पुरावा काढला तर उद्या ‘ती खुर्ची’वरूनही काढावा लागेल. आई, अप्सरा आणि दागिने मात्र व्याकरणानं दिलेले नाहीत. भाषेनं काय दिलं आणि कवीनं काय घेतलं, हे आधी वेगळं करावं लागतं.

दुसरी जागा म्हणजे यादीला न जुमानणारे शब्द गाळणं. मघाच्या कागदावर आपण आईच्या बाजूला निष्क्रियता लिहिली. पण कवी तिच्या रूपाबरोबर तिच्या चापल्याचं, तिच्या प्रभावाचं कौतुक करतो. चापल्य म्हणजे चपळाई, आणि ती पडून राहिलेल्या कुणाची नसते. शिवाय कामाशिवायच्या बढाईला फटकारणाऱ्या भागात कवी पुत्रांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. आई खंगली ती परक्या सत्तेमुळं, पण तिची संपत्ती बुडाली ती उपेक्षेमुळं, आणि उपेक्षा करणारे कोण? घरचेच. पुत्रांचा गौरव करणारी कविता म्हणून हिला नाकारणारा वाचक, कवितेनं स्वतः केलेली ही टीका ऐकतच नाही.

तिसरी चूक सगळ्यात सामान्य आहे आणि ती ओळखायची युक्ती सोपी आहे. आपण कवितेबद्दल एक वाक्य लिहिलं, समजा, ‘या कवितेत स्त्रीचं आदर्शीकरण करून तिचं माणूसपण हिरावलं आहे’. आता त्या वाक्यात दुसऱ्या कवितेचं नाव घाला. ज्यूलियनांचीच ‘प्रेमस्वरूप आई’ घ्या. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. म्हणजे ती रेघ दागिन्याची नाही, दगडावर आधीच होती. ‘प्रेमस्वरूप आई’ हा आई गमावलेल्या मुलाचा हंबरडा आहे, आणि मायबोलीची कविता हा सभेतला निर्धार आहे. दोन्हींत आई आहे, पण एकीत ती मिळत नाही म्हणून जीव कासावीस होतो आणि दुसरीत तिच्यासाठी काय करायचं याची यादी होते. ज्या वाक्याला हा फरक कळत नाही, ते वाक्य कवितेबद्दलचं नाही.

६. दुसरी नजर: राज्य कुणाचं, शब्द कुणाचा

उत्तरवसाहतवादी हा शब्द लांबलचक आहे, पण त्यामागची गोष्ट आपल्या घरातली आहे. परक्या राज्यानं देश ताब्यात घेतला की जमीन आणि महसूल यांच्याबरोबर मनही हळूहळू ताब्यात जातं. आपलं ते कमी आणि त्यांचं ते वरचढ, असं आपल्यालाच वाटू लागतं. राज्य गेलं तरी ते वाटणं लवकर जात नाही. साहित्यात त्याच्या खुणा शोधणं म्हणजे हे वाचन. केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगो यांनी इंग्रजीत नाव कमावल्यावर आपल्या गिकुयू भाषेत लिहायचं ठरवलं आणि त्यामागची कारणं १९८६ सालच्या पुस्तकात मांडली. भाषा ही मन बांधणारी दोरी आहे, हा त्यांचा मुद्दा ज्यूलियनांच्या कवितेतल्या त्या दोन बायकांकडं पाहिलं की लगेच पटतो.

ज्यूलियनांनी इथं फार नेमकं निदान केलं आहे. इंग्रजीला मान आहे, आणि तो तिच्या सत्तेच्या बळावर आहे. ती जास्त समृद्ध आहे, जास्त शास्त्रीय आहे, असं कवी म्हणत नाही. ‘इंग्रजीत ज्ञान आहे म्हणून ती मोठी’ हे वाक्य त्या काळात शिकलेल्या माणसाच्या तोंडी सर्रास होतं, आजही आहे. कवी त्याच्या मुळाशी हात घालतो: मोठेपण तोफखान्यातून आलं आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना झगडावं लागलं होतं, हे लक्षात घेतलं की कवितेतलं भिकारीपण निव्वळ अलंकार राहत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या दारात मराठी खरोखरच हात पसरून उभी होती.

आणि लक्तरांची लाज? स्त्रीवादी वाचनात ती आईच्या कपड्यांवरची नजर होती. इथं ती वसाहतीतल्या माणसाची लाज होते. पाहुण्यांसमोर आईला आत बसायला सांगणारा शिकलेला मुलगा आपण पाहिलेला आहे. ‘मम्मी, तू पालक सभेला येऊ नकोस, तुला इंग्रजी येत नाही,’ असं म्हणणारी मुलंही आजच्या कोल्हापुरात आहेत. ती लाज कवी लपवत नाही. आधी कबूल करतो आणि मग तिच्यापलीकडं बघायला सांगतो. ही कबुली मला या कवितेतली सगळ्यात धीट गोष्ट वाटते.

७. खंडणी

पण शेवटाकडं येताना कविता एक वळण घेते, आणि तिथं हे वाचन खऱ्या अर्थानं कसाला लागतं. आम्हाला कर्ज नको, असं म्हणून कवी जगातल्या भाषांकडून मराठीला काय हवं ते सांगतो: खंडणी.

खंडणी हा शब्द मराठ्यांच्या राज्यकारभारातला आहे. जिंकलेल्याला किंवा धाक दाखवलेल्याला जी रक्कम भरावी लागे ती खंडणी. ज्याला इंग्रजीचं मोठेपण सत्तेतून आलेलं दिसलं, त्याच कवीला आपल्या भाषेचं भावी मोठेपणही सत्तेच्याच भाषेत सुचावं! भाषांमधली देवाणघेवाण त्याला अपुरी वाटते. घेणं म्हणजे ऋण, आणि ऋण म्हणजे कमीपणा. मग दुसरा मार्ग उरतो तो वसुलीचा. पारतंत्र्याच्या दुःखातून निघालेलं स्वप्न स्वतःच एक साम्राज्य मागू लागतं.

आणि हे कोण म्हणतं आहे? ज्यानं फारसीतून रुबाया आणल्या, गझल आणली, ज्याचं टोपणनावच परक्या मुलखातलं आहे. त्यानं इतर भाषांकडून आयुष्यभर प्रेमानं जे घेतलं त्याला ऋण म्हणावं की खंडणी? कवितेत या दोन शब्दांच्या मधली जागा नाही. कवीच्या आयुष्यात मात्र ती भरपूर होती.

इथं वृत्ताचा जाणकार मान हलवून एक आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. ‘खंडणी’ हा शब्द यमकात आला आहे. त्याच्या आधीच्या ओळीच्या शेवटी ‘मंडणी’ आहे, म्हणजे सजावट. यमकासाठी खंडणी सुचली असेल, त्यावर एवढा मोठा इमला का? मी यावर बरेच दिवस विचार केला. यमक शब्द सुचवतं हे खरं, पण सुचलेला प्रत्येक शब्द कवी ठेवत नाही. छंदशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला यमक सापडत नव्हतं असं म्हणणं अवघड आहे. तरी सावधपणा हवा: एका यमकावरून कवीला साम्राज्यवादी ठरवणं हा अन्याय होईल. त्या काळी मनात भरलेल्या वैभवाच्या कल्पनेत मराठेशाही होती, इतकंच त्यातून दिसतं. आणि एक विलक्षण गोष्टही दिसते. मंडणी आणि खंडणी, बाईची सजावट आणि राज्याची वसुली, एकाच यमकात बांधली गेली आहेत. आपल्या दोन्ही नजरा इथं एका ठिकाणी येतात. आई सजवली जाते ती पुत्रांच्या विजयाची खूण म्हणून. साम्राज्य आणि त्याविरुद्धचा राष्ट्रवाद यांच्या झुंजीत स्त्रीसाठी बोलणारे पुष्कळ असतात, पण तिचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, असं गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलं. तिसऱ्या विभागात आपण कागदावर रेघ मारून जे पाहिलं, ते याहून फार दूर नव्हतं.

८. काट्यात न मावणारं कोल्हापूर

दुसऱ्या वाचनाची मर्यादा समजायला आपलं गाव उपयोगी पडतं. हे वाचन बहुधा जगाचे दोन भाग करतं: राज्य करणारे आणि राज्य सोसणारे. कोल्हापूर त्यात नीट बसत नाही. हे संस्थान होतं. १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथं छत्रपतींची गादी होती, तिच्यावर ब्रिटिशांची नजर आणि दाब असला तरी. करवीर सरकारचं गॅझेट मराठीत निघे, दरबारची कागदपत्रं मोडीत लिहिली जात. मराठी राजभाषा नाही, हे वाक्य पुण्या-मुंबईत जसं बोचेल तसंच ते इथल्या कारकुनाला बोचलं असतं का? मला शंका वाटते.

दुसरं म्हणजे हे वाचन ‘आमची भाषा’ हा एकसंध गोळा धरून चालतं. पण सिंधूची उपमा देऊन संस्कृत समासांत बोलणारी कवितेतली मराठी आणि गडहिंग्लज-चंदगडकडच्या शेतावरची मराठी एक आहे का? इंग्रजीसमोर जी भिकारीण ठरते, ती प्रमाण मराठी खेड्यातल्या बोलीसमोर स्वतः श्रीमती असते. आमच्या शाळेत रांगडी कोल्हापुरी बोलणाऱ्या पोराला वर्गात आपल्याला हसतील अशी भीती वाटते तेव्हा त्याच्या समोर इंग्रज उभा नसतो.

आणि काळ बदलला. १९६० साली राज्य झालं, १९६४ च्या कायद्यानं मराठी महाराष्ट्राची राजभाषा झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. कवितेतलं ‘आज’ केव्हाच संपलं. तरी सभेत ती म्हणताना कुणाला काही खटकत नाही. वाचनाला राज्य कुणाचं हे विचारायची सवय असते. राज्य आपलं झाल्यावर आपण दुसऱ्या कुणाच्या भाषेशी कसे वागतो, हे विचारायला मात्र ती नजर मुद्दाम स्वतःकडं वळवावी लागते.

९. ताट आणि जळगाव

एका जागी दोन्ही वाचनं माझ्या हातून सुटली, ती म्हणजे ताट. वेगवेगळ्या धर्मांचे लोक एका ताटात बसतील, असं कवी म्हणतो. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला, ख्रिश्चनाला ताटात बोलावणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती आणि तिचं मोल कमी करू नये. पण ‘धर्म’ म्हटलं की एकाच धर्मातली पंगत वेगळी बसते हे झाकलं जातं. कोल्हापुरात तर हे विसरता येत नाही. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं आणि लोक अस्पृश्याच्या हातचा चहा घेईनात, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत असत. एका ताटाचा प्रश्न इथं कवितेच्या आधीच रस्त्यावर आला होता. स्त्री आणि परकं राज्य हे दोनच प्रश्न घेऊन बसलेल्या वाचकाला ताटाशेजारी कुणाला जागा नाही हे दिसणार नाही. त्यासाठी जातीचा प्रश्न वेगळा घेऊन कवितेकडं पुन्हा यावं लागतं, आणि तो प्रश्नही कुठंतरी थांबेलच.

शेवटी एक गोष्ट कवितेच्या बाहेरची. १९३६ साली जळगावला साहित्य संमेलन भरलं आणि माधव ज्यूलियन त्याचे अध्यक्ष होते. त्याच वेळी त्याच गावात एक बाई राहत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ती खानदेशी बोलीत ओव्या रचत होती. बहिणाबाई चौधरी. ज्या आईबद्दल ज्यूलियन बोलत होते, ती तिथून हाकेच्या अंतरावर बोलत होती, आणि तिला मंडणीही नको होती, खंडणीही नको होती. १९५१ साली त्या गेल्या. मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्यांची गाणी लिहून ठेवलेली वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. तेव्हा ज्यूलियनांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.